व्हिजिटर पार्किंगचा साडेनऊ हजारांचा दंड: भाडेकरूने नेमका किती भरायचा?

«ठाण्यात एका सोसायटीत आम्ही अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर राहतो. १ डिसेंबरला राहायला आलो. भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००. मार्च-एप्रिलमध्ये भावाची गाडी आमच्याकडे होती. फ्लॅटला एकच पार्किंग आहे, म्हणून ती रात्री व्हिजिटर पार्किंगमध्ये लावायचो. वॉचमनने दोनदा टोकलं होतं, हे खरं आहे. आता मालकांनी १ जूनच्या मेंटेनन्स बिलाचा फोटो पाठवलाय. त्यात एकोणीस रात्रींचे, रात्रीला ५०० प्रमाणे, ९,५०० रुपये दंड आणि त्यावर ३३२ रुपये व्याज आहे. मालक वर मनस्तापाचे २,००० धरून ११,८३२ मागताहेत, नाहीतर डिपॉझिटमधून कापणार म्हणतात. सोसायटीने त्यांना २२ मार्चलाच मेल केला होता, तो त्यांनी मला परवा पुढे पाठवला. करारात 'सोसायटीचे नियम पाळावेत' एवढंच लिहिलंय. भरावे लागतील का?»
— एक भाडेकरू, ठाणे

काहीतरी भरावं लागेल, पण ११,८३२ नाही. मनस्तापाचे दोन हजार आणि ३३२ रुपये व्याज यांतला रुपयाही तुमच्याकडे येत नाही. उरलेल्या ९,५०० पैकी तुमच्या वाट्याला किती येतात, ते सोसायटीकडे कोणते कागद आहेत आणि २२ मार्चनंतर मालक किती दिवस गप्प बसले, या दोन गोष्टींवर ठरेल. कागद पूर्ण असतील तर माझ्या हिशोबाने आकडा पावणेसहा हजारांच्या आसपास येतो. तो कसा येतो ते खाली मांडतो, म्हणजे मालकांशी बोलताना तुम्हालाही मांडता येईल.

आधी एक घोळ दूर करू. सोसायटीचा दंड तुम्हाला झालेलाच नाही. तुम्ही सभासद नाही, सभासद मालक आहेत. सोसायटीचे उपविधी सभासदाला बांधतात, म्हणून दंड त्यांच्या फ्लॅटच्या बिलात आला. तुमचा करार मालकांशी आहे आणि त्यात तुम्ही नियम पाळायचं कबूल केलंय. म्हणजे पैशाला दोन उंबरठे ओलांडावे लागतात. पहिला, सोसायटीने मालकांना लावलेला दंड रीतसर आहे का. दुसरा, मालकांचं जे खरंखुरं नुकसान झालं त्यातलं किती तुमच्या चुकीमुळे झालं. पहिल्यावर अडखळलं तर दुसऱ्यापर्यंत जायची गरजच उरत नाही. बहुतेक भांडणं होतात ती सगळे थेट दुसऱ्या उंबरठ्यावर उभे राहून आवाज चढवतात म्हणून. पहिला कोणी तपासतच नाही.

तर पहिला उंबरठा. महाराष्ट्रातल्या बहुतेक गृहनिर्माण सोसायट्या २०१४ चे आदर्श उपविधी थोड्याफार फरकाने स्वीकारून चालतात. त्यांत दंडाचा भाग १६५ व्या कलमाच्या आसपास आहे. तुमच्या सोसायटीच्या नोंदणीकृत प्रतीत क्रमांक वेगळा असू शकतो, म्हणून प्रत हातात घेऊनच बोला. तिथली पद्धत साधी आहे. कोणत्या नियमभंगाला किती दंड, हे सर्वसाधारण सभा ठरवते. नियमभंग दिसला की समितीच्या सांगण्यावरून सचिव सभासदाला लेखी कळवतो आणि दंड का करू नये याचा खुलासा मागतो. सभासदाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि त्यानंतर दंड किती ते सभा ठरवते. अध्यक्षांनी वॉट्सॲप ग्रुपवर 'यापुढे रात्रीला पाचशे' असं टाकलं, मॅनेजरने पुढच्या बिलात आकडा चढवला आणि वॉचमनची वही हाच पुरावा, हा प्रकार सर्रास चालतो. पण तो उपविधींतला दंड नव्हे.

हे कागद तुम्हाला सोसायटी थेट देणार नाही आणि तिने द्यायला हवेत असंही नाही. मालक मात्र सभासद म्हणून हक्काने मागू शकतात. म्हणून त्यांच्याकडे चार गोष्टी मागा: रात्रीला पाचशेचा दर ठरवणारा सर्वसाधारण सभेचा ठराव, तारीख आणि क्रमांकासह, २२ मार्चचा मेल जसाच्या तसा, म्हणजे तो नुसती सूचना होती की खुलासा मागणारी नोटीस ते कळेल, मालकांनी त्याला काय उत्तर दिलं, आणि एकोणीस रात्रींच्या तारखा. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण हिशोब तिच्यावरच उभा राहतो. वहीत गाडीचा नंबर आहे का, वेळ आहे का, बघा. रात्री साडेनऊला पाहुणे आले आणि अकराला गेले, अशी नोंद 'रात्रभर' म्हणून मोजलेली सापडते. भावाची गाडी नक्की कोणत्या तारखांना होती हे तुम्हाला ठाऊक आहेच. पेट्रोल पंपाची पावती, टोलची नोंद किंवा गावी गेल्याचं तिकीट असेल तर एखाद-दोन तारखा जागीच गळतील.

आता मर्यादेचं. आदर्श उपविधींत दंडाला वर्षाला पाच हजारांची कमाल मर्यादा आहे आणि वर्ष एप्रिल ते मार्च धरायचं. तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या रात्री दोन वर्षांत विभागलेल्या आहेत. समजा, तारखा मिळाल्यावर असं निघालं: २२ मार्चपर्यंत पाच रात्री, २३ ते ३१ मार्चमध्ये तीन आणि एप्रिलमध्ये अकरा. मार्चअखेरच्या आठ रात्रींचे होतात ४,०००, ते मर्यादेत आहेत. एप्रिलच्या अकरा रात्रींचे होतात ५,५००, तिथे ५,००० वर थांबायचं. म्हणजे सोसायटीने सगळं अगदी नियमाप्रमाणे केलं असलं तरी दंड ९,००० च्या वर जात नाही. बिलातले पाचशे तिथेच उडाले. शिवाय एप्रिलच्या रात्रींनी या वर्षाची मर्यादा संपली, म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत त्याच फ्लॅटला आणखी दंड लावायला सोसायटीला जागा उरत नाही. हे मात्र मालकांना सांगायची घाई करू नका, त्यांना ते फार आवडेलच असं नाही.

इथे सोसायटी एक उत्तर देऊ शकते आणि ते पूर्ण चुकीचं नसतं. 'हा दंड नाही, पार्किंगचा आकार, म्हणजे शुल्क आहे' असं ती म्हणेल. सभेने ठराव करून जादा गाडीला किंवा व्हिजिटर पार्किंगच्या रात्रीच्या वापराला आकार लावला असेल, तर तो दंडाच्या मर्यादेत मोजला जात नाही. पण मग दोन गोष्टी दिसायला हव्यात. तो दर ठरावात आकार म्हणून आधीच ठरलेला असावा, नंतर बिलात नाव बदलून नव्हे. आणि तो सगळ्यांना सारखा असावा. तिसऱ्या मजल्यावरच्या मालक-रहिवाशाच्या पाहुण्यांची गाडी आठवडाभर फुकट उभी राहिली आणि भाडेकरूच्या गाडीला रात्रीला पाचशे, तर तो आकार राहत नाही. तुमच्या बिलात शब्द 'दंड' असाच छापलेला असेल तर सोसायटीची अर्धी बाजू तिनेच लिहून दिलीय, म्हणून फोटो जपून ठेवा.

बिलाचा फोटो जरा जवळून बघा, त्यात आणखी एक गोष्ट सापडते. ३३२ हा आकडा कुठून आला? ९,५०० वर वर्षाला २१ टक्के सरळ व्याज म्हणजे महिन्याला १६६ रुपये २५ पैसे, दोन महिन्यांचे ३३२ रुपये ५० पैसे. २१ टक्के हा उपविधींतला थकबाकीवरचा कमाल दर, त्यामुळे दरात चूक नाही. चूक दोन महिन्यांत आहे. १ जूनच्या मागे दोन महिने म्हणजे १ एप्रिल. त्या दिवशी पूर्ण ९,५०० थकलेले असणं शक्यच नाही, कारण त्यांतल्या काही रात्री एप्रिलमध्येच यायच्या होत्या. म्हणजे एकतर कॉम्प्युटरवर बिल काढणाऱ्याने सगळी रक्कम एप्रिलच्या खात्यात टाकली, नाहीतर तारखाच चुकल्या. काहीही असलं तरी व्याज थकबाकीचं असतं आणि बिल मालकांच्या नावाने निघतं. तुम्हाला जूनमध्ये पहिल्यांदा कळलेल्या रकमेवर एप्रिलपासूनचं व्याज तुमच्या माथी येत नाही. एप्रिल आणि मेचीही बिलं मागा, म्हणजे दंड पहिल्यांदा कधी चढला ते कळेल.

बिल बघतच आहात तर नॉन-ऑक्युपन्सीची ओळही वाचा. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी मालकांकडून ही रक्कम घेते आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे ती सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, कर वगळून. सेवाशुल्क २,८०० असेल तर जास्तीत जास्त २८०. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर ही मालकांची. 'दंड आणि इतर' अशा एकत्र आकड्यात ती हळूच मिसळली जाते, म्हणून बेरीज स्वतः करून बघा.

आता दुसरा उंबरठा, तुम्ही आणि मालक. करारात दंडाचं वेगळं कलम नाही म्हणून तुम्ही सुटलात, असं नाही. 'नियम पाळावेत' हे वचन तुम्ही मोडलंत आणि त्यामुळे समोरच्याचं जे नुकसान सरळ झालं ते भरून द्यावं लागतं. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७३ तेच सांगतं. व्हिजिटर पार्किंगमध्ये गाडी लावली तर मालकाला दंड होईल, हे कुणालाही आधी दिसणारं नुकसान आहे, आणि वॉचमनने दोनदा टोकल्याचं तुम्ही स्वतःच लिहिलंय. तेव्हा 'मला माहीत नव्हतं' ही वाट बंद आहे. ती धरूही नका, तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजन तिने कमी होईल.

पण हेच कलम मालकांनाही धरतं. नुकसान कमी करायला त्यांच्या हातात काय होतं, हे नुकसानभरपाई मोजताना पाहायचं असतं, असं कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. २२ मार्चला मेल आला. त्यांनी त्याच संध्याकाळी तो पुढे पाठवला असता तर गाडी २३ तारखेपासून बाहेर रस्त्यावर किंवा पे-अँड-पार्कमध्ये गेली असती. वर धरलेल्या तारखांप्रमाणे नंतरच्या चौदा रात्री झाल्या त्यात त्यांच्या गप्प बसण्याचा वाटा मोठा आहे. मनस्तापाच्या दोन हजारांचं उत्तरही इथेच मिळतं. भरपाई झालेल्या नुकसानाची असते, आणि करारात अशी ठरावीक रक्कम लिहिलेली असती तरी कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच मिळाली असती. इथे तर ती लिहिलेलीही नाही.

एक गंमत लक्षात घ्या. मेलच्या आधीच्या पाच रात्री सोसायटीच्या बाजूने कमकुवत आहेत, कारण तेव्हा लेखी सूचनाच नव्हती. नंतरच्या चौदा रात्री मालकांच्या बाजूने कमकुवत आहेत, कारण सूचना त्यांच्याकडे अडली होती. ताणायचंच म्हटलं तर तुम्ही जवळजवळ सगळंच नाकारू शकता. मी तसं करणार नाही. एकोणीस रात्री दुसऱ्याची जागा अडवली हे खरं आहे, अजून पाच महिने याच घरात राहायचंय आणि ७५,००० मालकांकडे आहेत. आधीच्या पाच रात्रींचे २,५०० पूर्ण द्यायचे. नंतरच्या तीन मार्चच्या रात्रींचे १,५०० आणि एप्रिलचे मर्यादेतले ५,०००, मिळून ६,५००, ते निम्मेनिम्मे. तुमच्या वाट्याला ३,२५०. एकूण ५,७५०. वाटणी अर्धीच का, असं मालक विचारतील. वॉचमनने सांगूनही गाडी तिथेच राहिली, हा तुमचा अर्धा. मेल अडीच महिने दाबून ठेवला, हा त्यांचा अर्धा. तारखा वेगळ्या निघाल्या तर याच पद्धतीने आकडा पुन्हा काढा. आणि ठरावच नसेल तर सोसायटीने दंड मागे घेईपर्यंत काहीच देऊ नका, फक्त तसं लेखी कळवा.

फोनवर हा विषय बोलू नका, किंवा बोललात तर लगेच मेल किंवा वॉट्सॲपवर लिहून ठेवा. मजकूर असा चालेल:

«सर, १ जूनच्या बिलातला पार्किंग दंडाचा फोटो मिळाला. व्हिजिटर पार्किंगमध्ये गाडी लावली ही आमची चूक होती, ती एप्रिलअखेर बंद केली आहे. दंडातला आमचा वाटा द्यायला आम्ही तयार आहोत. त्यासाठी दर ठरवणारा सभेचा ठराव, २२ मार्चचा मूळ मेल, त्याला दिलेलं उत्तर आणि एकोणीस तारखांची यादी सोसायटीकडून मागवून पाठवावी, ही विनंती. आदर्श उपविधींप्रमाणे वर्षाला पाच हजारांची मर्यादा धरली तर दंड किती होतो, हेही समितीला विचारावं. २२ मार्चचा मेल आम्हाला जूनमध्ये मिळाला, त्यामुळे त्यानंतरच्या रात्रींची रक्कम निम्मी वाटून घ्यावी असं सुचवतो. व्याज आणि इतर २,००० आम्हाला मान्य नाहीत. डिपॉझिटमधून आमच्या लेखी संमतीशिवाय वजावट करू नये. भाडं नेहमीप्रमाणे वेळेवर जमा होईल.»

'चूक होती' हे शब्द लिहायला लोक घाबरतात. इथे घाबरण्यासारखं काही नाही, गाडीचा नंबर वहीत आहेच. कबुलीमुळे उलट बाकीचे मुद्दे आडमुठेपणा वाटत नाहीत. 'बंद केली' हे मात्र खरं असल्याशिवाय लिहू नका.

मालकांनीही एक काम करायला हवं आणि ते तुम्हाला त्यांच्याकडून करून घ्यावं लागेल. सोसायटीपुढे हरकत तेच घेऊ शकतात. तुमच्या पत्राला समितीने उत्तर द्यायची गरज नाही, सहकार न्यायालय आणि उपनिबंधकांचं कार्यालय हेही सभासद आणि सोसायटी यांच्यातले वाद बघतात. तेव्हा मालकांना तयार मसुदा द्या: ठरावाची प्रत द्यावी, सुनावणीची संधी द्यावी, वर्षाला पाच हजारांवरची रक्कम आणि व्याज मागे घ्यावं. सोबत तुमचा अर्धा पानाचा खुलासा जोडा, गाडी कुणाची, कधीपासून कधीपर्यंत, कधी हलवली. दरम्यान त्यांनी मेंटेनन्सची चालू रक्कम थांबवू नये. ती भरताना 'जून मेंटेनन्स, दंडाची रक्कम हरकतीखाली वगळून' असं पैसे पाठवताना शेऱ्यात आणि वेगळ्या मेलमध्येही लिहावं. नाहीतर सगळं बिलच थकबाकी म्हणून फिरत राहतं आणि २१ टक्के खऱ्या रकमेवर चालू होतात. त्या व्याजाचं बिल पुन्हा तुमच्याकडेच येईल.

पैसे ठरले की देण्याची पद्धत सांभाळा. वॉचमनकडे किंवा मॅनेजरकडे रोख देऊ नका, हे सांगायला लागू नये, पण दिले जातात. मालकांच्या खात्यात ऑनलाइन द्या आणि शेऱ्यात 'पार्किंग दंड वाटा, मार्च-एप्रिल, पूर्ण व अंतिम' लिहा. सोसायटीच्याच खात्यात भरा असं मालक म्हणाले तर आधी त्यांचा तसा लेखी निरोप घ्या, फ्लॅट क्रमांक टाका आणि पावती मालकांच्या नावाची, 'दंड' या सदराखाली आली का ते बघा. नुसती 'जमा' अशी पावती आली तर रक्कम मेंटेनन्समध्ये वळती होते आणि दंड बिलात तसाच दिसत राहतो. दोन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा मागितला जातो. पुढच्या बिलाचा फोटो मागून ओळ शून्य झालेली डोळ्यांनी बघा.

डिपॉझिटमधून कापायच्या धमकीने गडबडून जाऊ नका. तुमचा करार काढून डिपॉझिटचं कलम वाचा. साधारणपणे ते असं असतं की घर सोडताना थकीत भाडं, विजेचं बिल आणि मोडतोड वजा करून बिनव्याजी रक्कम परत. 'इतर देणी' असे शब्द असतील तर मालकांना थोडी जागा आहे, पण तीही घर सोडताना आणि ठरलेल्या देण्यापुरती. मध्येच जूनमध्ये कापून 'आता डिपॉझिट परत ७५,००० करा' म्हणायला करारात तसं लिहिलेलं असावं लागतं. उलट बाजूने तुम्हीही भाड्यातून काही कापू नका. 'तुम्ही दंड सोडा, मग भाडं देतो' म्हटलं की आतापर्यंत एक गाडी चुकीच्या जागी लावणारा भाडेकरू अचानक थकबाकीदार होतो आणि करार संपवायचं चांगलं कारण मालकांच्या हातात जातं. दंडाचा वाद वेगळ्या धाग्यावर राहू द्या. २४,००० ठरल्या तारखेला पूर्ण जाऊ द्या.

करार नोंदणीकृत आहे हे तुमच्या पथ्यावर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकांची असते, आणि तसं नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. इथे करार आहेच, म्हणून त्यात जे नाही ते तोंडी ठरलं होतं, असं मालकांना सहज म्हणता येणार नाही. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश, आणि कराराची पूर्ण पीडीएफ तुमच्या मेलवर आहे का, आजच बघा. ऑनलाइन नोंदणी एजंटने केली असेल तर बऱ्याचदा भाडेकरूकडे फक्त पहिलं पान असतं.

एवढं करूनही ऑक्टोबरमध्ये घर सोडताना त्यांनी ११,८३२ कापलेच, तर वाद साधारण सहा हजारांचा उरतो. त्यासाठी वकील करून खटला लढणं परवडत नाही आणि पोलिस ठाण्यात हा विषय बसत नाही. आधी स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या, त्यात वरचा हिशोब आणि मेलच्या तारखा जोडा. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीसाठी अर्ज करता येतो. समोरचा आला तर बहुतेक वेळा तिथेच मिटतं. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाईने काही सही करू नका. चावी देताना 'डिपॉझिट पूर्ण मिळालं, काही तक्रार नाही' असा कागद पुढे केला तर प्रत्यक्ष मिळालेला आकडा लिहा आणि 'उरलेल्याबद्दल हक्क राखून' एवढे शब्द हाताने घाला.

घर सोडतानाची दुसरी अडचण आत्ताच ओळखून ठेवा. दंड बिलात दिसत असला की बऱ्याच सोसायट्या टेम्पो गेटवर अडवतात, 'आधी नो ड्यूज आणा' म्हणतात. थकबाकी फ्लॅटची आणि सभासदाची आहे, तुमचं कपाट त्यापोटी तारण ठेवलेलं नाही. पण रविवारी सकाळी हमालांसमोर हा युक्तिवाद करण्यात अर्थ नसतो. सामान हलवायच्या आठ दिवस आधी मालकांकडून सोसायटीला मेल करून घ्या: अमुक तारखेला भाडेकरू घर सोडताहेत, सामान नेऊ द्यावं, फ्लॅटच्या सर्व देण्यांची जबाबदारी माझी. त्याची प्रिंट गेटवर द्या.

करार पुढे वाढवायचं ठरलं तर मात्र 'नियम पाळावेत' या एका ओळीवर पुन्हा सही करू नका. त्याखाली एवढं घाला, यात परवानाधारक म्हणजे तुम्ही आणि परवानादाता म्हणजे मालक: «परवानाधारकाच्या कृतीमुळे सोसायटीने उपविधींप्रमाणे रीतसर लावलेला दंड परवानाधारक भरेल. सोसायटीची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत परवानादाता ती परवानाधारकास लेखी कळवेल; न कळवल्यास सूचनेनंतरच्या काळातल्या दंडाची जबाबदारी परवानादात्याची राहील. दंडाव्यतिरिक्त कोणतीही रक्कम देय नाही.» सोबत सोसायटीची नियमावली आणि पार्किंगचे दर यांची प्रत परिशिष्ट म्हणून जोडून घ्या, म्हणजे कोणते नियम यावर नंतर वाद नको. आणि करारात पार्किंगचा क्रमांक लिहिलाय का, तेही बघा. 'एक पार्किंग' एवढंच असेल तर पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण कोणती जागा तुमची हे वॉचमनच्या वहीवर ठरायला लागतं.